बैलाच्या नावावर

बाबांचा डावा डोळा गेल्यापासून त्यांच्या डाव्या बाजूनं चालायचं काम माझं. मी नसले तर विनयचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आणि तोही ऑफिसात असला तर बाबांनी रस्ता ओलांडायचा नाही, असा घरचा कायदा. तो मीच केलेला. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, त्यामुळं कायदे करायची सवय आहे आणि कुणी मोडले तर वासावरून कळतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर शेअर ऑटोनं घरी निघाले होते. आदिलाबादच्या बस स्टँडसमोर कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या, पुढचा ट्रॅक्टर हलेना आणि मागचे हॉर्न थांबेनात. मी वैतागून बाहेर पाहिलं तर समोरून बाबा रस्ता ओलांडत होते. डाव्या बाजूला एक माणूस होता. त्यानं त्यांच्या कोपराखाली हात धरला होता आणि दुसरा हात उंच करून तो येणारी बस थांबवत होता. मला बरं वाटलं, अगदी मनापासून. वाटलं, जगात अजून अशी माणसं आहेत, उतरून आभार मानावेत. मग बस थांबल्यावर त्या माणसानं मान वळवली आणि मला दिसलं की तो लखन आहे. ज्यानं तो डोळा फोडला तोच त्या बाजूला उभा राहून माझ्या बापाला रस्ता पार करून देत होता, आणि बाबा त्याला हसून काहीतरी सांगत होते. मी ऑटोतून उतरले नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का, तर मी हो म्हणाले.

घरी पोचले तेव्हा बाबा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते, काही झालंच नाही असे. मी पर्स ठेवली, पाणी प्याले आणि वर्गात पहिल्या बाकावरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, कुठं गेला होता. बाबा खोटं बोलत नाहीत, ही त्यांची फार गैरसोयीची सवय आहे. म्हणाले, लखन आला होता, त्याच्यासंगं चहा प्यायला गेलो. पहिल्यांदा नाही. कापूस निघायला लागल्यापासून तो बाजाराला आला की येतो. पहिल्या वेळी तो दारातच बसला, आत येईना, पायाला हात लावून रडला, आणि बाबांनी त्याला माफ केलं. हे सगळं ते शेंगा सोलता सोलता सांगत होते. मला सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "तू चिडली असती."

मी चिडलेच. पण मला चिडण्यापेक्षा जास्त काहीतरी झालं होतं, आणि ते काय ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. वाटत होतं, माझ्या नकळत घरातली एखादी खोली कुणीतरी विकून टाकली. कारण ज्या पोळ्याला डोळा गेला तो फक्त बाबांचा नव्हता. मी तिथं होते. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला, नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेलंगणा, आणि पोळा दोन्हीकडं सारखाच. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात, वाजंत्री वाजते, आणि मानाची जोडी पहिल्यांदा तोरणाखालून जाते. मान उद्धवरावांच्या घरचा, म्हणजे लखनच्या बापाचा. आमच्या बौद्धवाड्यातल्या जोड्या सगळ्यांत मागं, नाल्याच्या उतारावर. मागं म्हणजे किती मागं, तर वाजंत्रीचा आवाज पोचायचा पण तोरण दिसायचं नाही. माझ्या आजोबांकडं बैलच नव्हते, ते दुसऱ्याचे बैल रंगवायचे. बाबांनी स्वतःची जोडी घेतली, त्यातला चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, त्यांचा अगदी लाडका. त्या वर्षी मी पुरणपोळीचं ताट घेऊन बैल ओवाळायला माहेरी आले होते. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि चांद्या बिथरला. बाबांच्या हातातला कासरा सुटला, चांद्या ओळ मोडून सगळ्या जोड्यांच्या बाजूनं धावत सुटला आणि थेट तोरणाखालून गेला. तोरण त्याच्या शिंगात अडकून तुटलं. मानाच्या जोडीच्या आधी आमच्या बैलानं तोरण तोडलं. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला.

तो आनंद मी कुणाला सांगितला नाही. लखन ओळीतून बाहेर आला, हातात बैल हाकायची वेळूची काठी होती. बाबा चांद्याला आवरायला धावत होते. लखननं जातीवरून शिवी दिली, साऱ्या गावासमोर, आणि काठी फिरवली. बाबा खाली बसले. हात चेहऱ्यावर, बोटांमधून रक्त. माझं ताट हातात तसंच होतं. त्यानंतरचं सगळं मला तुकड्यांत आठवतं: चुलतभाऊ देवानंद मोटारसायकल काढायला धावला, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मान हलवली, चांद्या तोरणाची पानं शिंगाला तशीच अडकलेली घेऊन घरी येऊन गोठ्यात उभा राहिला. लखनला अटक झाली, काही महिने तो आत होता, मग जामीन मिळाला. बाबांना मी शहरात घेऊन आले. बैल देवानंदकडं गेले. एवढ्या वर्षांत मी त्या काठीची उंची, कोन, आवाज, सगळं मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की ती आठवण माझ्या मालकीची झाली होती. आणि आता हा म्हातारा शेंगा सोलत सांगतो की त्यानं ती देऊन टाकली.

मी म्हणाले, तुम्हाला माफ करायचा अधिकार कुणी दिला. बाबा माझ्याकडं उजवा डोळा वळवून बघत राहिले, मग म्हणाले, "डोळा कोनाचा गेला, शुभे?" डोळा त्यांचाच गेला होता. पण शिवी एकट्या बाबांना नव्हती ना. ती मला होती, देवानंदला होती, नाल्याच्या उतारावर उभ्या असलेल्या सगळ्यांना होती. डोळा बाबांचा आणि शिवी सगळ्यांची, मग माफी एकट्या बाबांची कशी? मी हे बोलले नाही. शेंगांची टरफलं झाडून टाकली आणि झाडता झाडता ठरवलं की उद्याच जाऊन लखनचा जामीन रद्द करायचा. जामीन देताना कोर्टानं अट घातली होती, फिर्यादीला आणि साक्षीदारांना भेटायचं नाही. बाबा फिर्यादी, मी साक्षीदार. तो दर बाजाराला अट मोडत होता. मला झोप छान लागली.

सरकारी वकील बाई तेलुगू, पण उटनूरकडं वाढलेल्या, त्यामुळं मराठी बोलतात, आपल्या ढंगानं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अट मोडली हे खरं, अर्ज करता येईल, म्हणाल्या. मग विचारलं, बाबांवर दबाव आणला का? धमकी? लालूच? मी म्हणाले, त्यानं रस्ता पार करून दिला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईनं म्हणाले, पण अट ती अटच. त्या म्हणाल्या, हो, अट ती अटच, साक्षी होईपर्यंत भेटी बंद करायला सांगा, नाहीतर मी स्वतः अर्ज करीन, तुमच्या परवानगीची वाट बघणार नाही. मग मी जे विचारायला घाबरत होते ते विचारलं. बाबांनी माफ केलंय, तर केस संपेल का? त्यांनी समजावून सांगितलं, न कंटाळता. नुसती मारहाण असती, अगदी हाड मोडेपर्यंतची, तर जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीनं राजी करू शकतो. आमच्याकडं तडजोडीला राजीच म्हणतात, निजामाच्या वेळेपासून. पण इथं जातीवरून चारचौघांत केलेला अपमान आहे, आणि जातीमुळं केलेली मारहाण आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात खालच्या कोर्टात राजी नाही. इथं फिर्याद बाबांची असली तरी केस सरकारची आहे. तो वार बाबांच्या डोळ्यावर पडला, पण कायदा म्हणतो तो सगळ्यांवर पडला, म्हणून एकट्यानं मागं घेता येत नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी जे टरफलं झाडताना मनात बोलले होते तेच कायद्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. मग बाई म्हणाल्या, "पण मॅडम, राजी होत नाय ना, तर लोग दुसरं करते. कोर्टात येऊन म्हणते, आमी पाहिलंच नाय. साक्षीदार फुटला तर कायदा काय करणार?"

बाबांनी लखनला फोन करून येऊ नको सांगितलं, साध्या आवाजात, कापूस किती निघाला तेही विचारलं. पण माफीची बातमी गावात पोचलीच होती, आणि बातमीच्या मागोमाग उद्धवराव आले. सोबत गावातले देवाजी पाटील, दोन्हीकडं ऊठबस असलेला माणूस. उद्धवरावांनी माझ्या बापाला आयुष्यभर 'खुशाल्या' म्हटलं. आता ते सोफ्यावर टेकून 'खुशालराव' म्हणाले. ऐकताना मला हसू आलं, आणि मग तेवढाच राग आला, की 'राव' व्हायला एक डोळा द्यावा लागतो. चहा मीच केला, साखर जरा जास्तच घातली, कारण त्यांना मधुमेह आहे हे मला ठाऊक होतं. मला माझा हा क्षुद्रपणा आवडला. देवाजींनी मुद्दा मांडला. गुळचट बोलणारा माणूस. तुम्ही माफ केलं, तुमचं मन मोठं, सारं गाव म्हणतं. वकिलाला विचारलं, तो म्हणतो राजी चालत नाही. मग वाट एकच राहते. त्या दिवशी बैल बिथरला होता, हे तर सगळ्यांनी पाहिलं. तोरण शिंगात होतं. तुम्ही त्याला आवरायला गेलात. शिंग लागलं.

बाबांनी कप खाली ठेवला. विचारलं, "कोनता बैल?"

"चांद्या," देवाजी म्हणाले. "मुकं जनावर. त्याले काय फरक पडते?"

उद्धवराव खाली बघत होते. मग ते स्वतः बोलले, आणि तेव्हा ते मानाच्या जोडीचे मालक वाटले नाहीत. म्हणाले, लखनची बायको माहेरी गेली, पोरगी विचारते बाबा कधी जेलात जाईल, मी आता किती दिवसांचा. "तुमी माफ केलं ना, खुशालराव. मंग माफी पुरी करा. अर्धी कशाले ठेवता?" हे वाक्य मी मनात उलटसुलट करून पाहिलं. खरंच, माफ करून परत कोर्टात उभं राहून बोट दाखवायचं, ही कसली माफी? माफ केलंय तर तुरुंगात का पाठवायचं? आणि तुरुंगात पाठवायचंच असेल तर माफ केलं म्हणायचं कशाला? मी बाबांकडं पाहिलं. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील आणि सगळं उलगडेल. बाबा म्हणाले, "पाहतो." एवढंच. उद्धवराव उठले, जाताना त्यांनी हात जोडले, बाबांनीही जोडले.

त्या 'पाहतो'नं मला महिनाभर जाळलं. मी किती वेळा विचारलं, काय ठरवलं? ते म्हणायचे, कोर्टात जे बोलायचं ते कोर्टात बोलीन. विनय म्हणाला, बापलेकींनी आधी बोलून घेतलं तर ते पढवणं होईल, वकील बाईंनीही नको म्हटलंय. विनय लवकर झोपतो, त्याला असं बोलणं परवडतं. मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे. वर्गात दोन पोरींचं भांडण झालं, एकीनं दुसरीची वेणी ओढली, मग तिनं माफी मागितली आणि दुसरीनं दिलीही, आणि मी तरीही पहिलीला वर्गाबाहेर उभं केलं. माफ करणारी पोरगी म्हणाली, मॅडम, मी माफ केलं ना. मी म्हणाले, तू केलंस, मी नाही केलं. आणि खडू हातात धरून उभी राहिले, कारण हे मी कुणाला बोलले ते मला कळत होतं. वर्गाबाहेर उभी असलेली पोर काचेतून आत बघून हसत होती आणि वेणीवाली आतून हसत होती, त्यांचं मिटलं होतं. तरी मी तिला आत घेतलं नाही. तास संपेपर्यंत तिथंच ठेवलं, आणि त्या दोघींनाही ते मुळीच चुकीचं वाटलं नाही.

साक्षीच्या आधी देवानंद आला. तो बाबांवर चिडलेला होता, आणि त्याचा राग माझ्या रागाचाच सख्खा भाऊ वाटावा असा. गावातल्या बाकीच्या घरांचं म्हणणं त्यानं सांगितलं. मागच्या पोळ्याला आमच्या जोड्या अजून मागं गेल्या, म्हणाला. नाल्याच्या पार. लखन सुटला तर पुढच्या वेळी कोण बोलेल? माझ्याजवळ बसला आणि आवाज खाली केला. "काका काय म्हनते कोन जाने. तू मात्र पक्की राह्य. म्हन, खाली पडल्यावर त्यानं आनखी मारलं. दुसरी काठी. मंग त्याले कोनी वाचवत नाही." मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याला वाटलं मी भिते, म्हणून समजावत म्हणाला, कोण मोजून राह्यलं होतं? खरंच कुणी मोजून राह्यलं नव्हतं. आणि माझ्या मनातल्या सिनेमात, इतकी वर्षं, काठी एकदाच फिरत नव्हती. ती पुन्हा पुन्हा फिरायची. दर वेळी डोळे मिटले की फिरायची. त्या सगळ्या काठ्या मिळून लखनच्या नावावर टाकाव्यात, असं मला फार वाटलं. त्यातली एक जास्तीची सांगितली तर काय बिघडणार होतं?

कोर्टात साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. बाबांना आधी बोलावलं आणि मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. देवानंद साक्षीदार नव्हता, तो आत जाऊन बसला. दार बंद झालं. उद्धवराव माझ्यासमोरच्या बाकावर. आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो. आतून आवाज येत होते, शब्द नव्हते. मी कान लावून बघितलं, बाबांचा आवाज ओळखू आला, मग दुभाष्या कारकुनाचा तेलुगूतला आवाज, मग आरोपीच्या वकिलाचा मोठा आवाज, मग परत बाबा. ते शांत होते, पण ते नेहमीच शांत असतात, त्यावरून काही कळत नाही. खूप वेळ लागला. मला एकच गोष्ट कळत होती. बाबा आत काय बोलताहेत ते मला बाहेर येईपर्यंत कळणार नाही, आणि ते बाहेर आले की मला सरळ आत जावं लागेल. त्यांनी 'बैल' म्हटलं असेल आणि मी 'लखन' म्हटलं, तर मी माझ्या बापाला भर कोर्टात खोटं ठरवणार. मीही 'बैल' म्हटलं, तर खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर दिलेल्या शिक्षांचं काय करायचं? दार उघडलं. बाबा बाहेर आले, चौकट चाचपत, डाव्या बाजूला कुणी नव्हतं. मी उठले. शिपायानं माझं नाव पुकारलं. बाबांनी मला ओलांडून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा लखन दिसला. वजन कमी झालं होतं. मी शपथ घेतली. वकील बाईंनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा मला एक विचित्र गोष्ट जाणवली. बाबा काय म्हणाले हे मला माहीत नव्हतं, म्हणूनच मी मोकळी होते. कुणाच्या बाजूनं बोलायची सोय नव्हती. बाबांच्या माफीच्या बाजूनं नाही, देवानंदच्या रागाच्या बाजूनं नाही. फक्त तो दिवस होता, तोरण, वाजंत्री, फटाके. मी सांगत गेले. चांद्या सुटला, हेही सांगितलं. तोरण त्यानं तोडलं, हेही. शिवी जशीच्या तशी सांगायला लागली, ती माझ्या तोंडून भर कोर्टात निघाली आणि कारकुनानं ती तेलुगूत करताना मान खाली घातली. मग बाईंनी विचारलं, काठी किती वेळा मारली?

मी लखनकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं. माझ्या डोक्यात काठी परत फिरू लागली, पुन्हा, पुन्हा, आणि मी ती थांबवून मोजली. मी पहिल्यांदाच मोजत होते.

"एकदा," मी म्हणाले.

तो शब्द बाहेर पडला आणि मला चक्क हलकं वाटलं. त्या काठीचं ओझं मी इतकी वर्षं वाढवून वाहत होते. आता ते जेवढं होतं तेवढंच राहिलं, आणि तेवढं पुरेसं होतं. आरोपीचा वकील उलटतपासणीला उभा राहिला. बैलाच्या शिंगानं डोळा गेला आणि तुम्ही जुन्या वैरातून माझ्या अशिलाचं नाव घेता, असं त्यानं सुचवलं, त्यांना तसं सुचवावं लागतं. मी म्हणाले, हे खोटं आहे. मी खाली उतरले.

बाहेर येताच देवानंदनं मला गाठलं. मला वाटलं तो 'एकदा'वरून भांडणार. पण तो कोणत्या तरी दुसऱ्याच तंद्रीत होता. काकानं काय केलं माहीत आहे का, म्हणाला, आणि आतलं सगळं सांगितलं, दोन्ही आवाज काढून. वकिलानं बाबांना विचारलं होतं, तुम्ही आरोपीला माफ केलं, खरं का? बाबा म्हणाले, खरं. मग तुमची काही तक्रार राहिली नाही? बाबा म्हणाले, तक्रार हाये, म्हनून तं माफी हाये. वकील चिडला. म्हणाला, तुमच्या बैलाचं शिंग लागलं, हेच खरं आहे. आणि बाबा कठड्याला धरून, मिटलेला डोळा जजसाहेबांकडं करून म्हणाले होते, "साहेब, बैलानं तोरन तोडलं, ते बैलाच्या नावावर. डोळा लखननं फोडला, ते त्याच्या नावावर. बैलानं फोडला म्हनलं तं म्या माफी कोनाले देल्ली? माही माफीच खोटी होते." देवानंद थांबला, मग म्हणाला, जजसाहेबांनी दुभाष्याला हे दोनदा तेलुगूत करायला लावलं.

मी बाबांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले, डाव्या बाजूला. मला रडू आलं आणि मी रडले, व्हरांड्यात, लोकांसमोर. एवढा महिना मी काय समजत होते? की माफ करणं म्हणजे पुसणं. उद्धवराव तेच समजत होते, देवाजी तेच, देवानंद तेच, म्हणून कुणी बाबांवर चिडलं आणि कुणी त्यांना गळ घातली, कारण एकच. आणि हा माणूस मात्र जे घडलं ते जसंच्या तसं धरून ठेवल्याशिवाय माफ करूच शकत नव्हता. पुसून टाकलं की माफ करायला उरतं काय? मी विचारलं, तुम्ही 'पाहतो' का म्हणालात त्या दिवशी, तिथंच सांगून टाकायचं. बाबा म्हणाले, "घरी आलेल्या मान्साले चहासंगं नकार कसा द्यायचा?" मला त्या रडण्यातच हसू फुटलं.

पुढच्या तारखेला कोर्टानं लखनला पुराव्यातली एकेक गोष्ट सांगून विचारलं, यावर काय म्हणणं आहे. आरोपी यावर खोटं आहे एवढंच म्हणतात, वकील तसंच शिकवून आणतो. लखननं पहिल्या दोन प्रश्नांना तसंच म्हटलं. मग काठीचा प्रश्न आला. वकिलानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. जजसाहेबांनी परत विचारलं. "ते खोटं नाही," लखन म्हणाला, "म्याच मारली." बाबांनी माझा हात धरला होता, तो दाबला नाही की सोडला नाही. मला लखनबद्दल काही चांगलं वाटलं असं मी म्हणणार नाही. कदाचित तो थकला होता. कदाचित एक म्हातारा त्याला वाचवण्यासाठी बैलावर आळ घेत नाही आणि आपण घेतोय, हे त्याला सोसलं नसेल.

दोषी ठरल्यावर शिक्षेवर बोलायचा अधिकार या कायद्यात पीडिताला असतो. बाबांना विचारलं. ते उठून म्हणाले की त्यांचं म्हणून जे होतं ते त्यांनी माफ केलं, हे कोर्टानं जमेला धरावं. पण शिवी एकट्याला नव्हती, ती तोरणाखाली साऱ्या गावासमोर दिली, तेवढी माफ करणं त्यांच्या हातात नाही, ते साहेबांनी बघावं. मग बसले. जजसाहेबांनी निकालात दोन्ही लिहिलं. माफीमुळं शिक्षा कमी करतो, म्हणाले, पण या कायद्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येत नाही आणि सोडणं योग्यही नाही. दोन वर्षं. मला ती कमी वाटली, लगेच, शरीरातून. देवानंदलाही वाटली. आणि उद्धवरावांना जास्त वाटली, ते भिंतीला टेकले. वकील अपिलासाठी शिक्षा थांबवायचा अर्ज करायला उठत होता, एवढ्या शिक्षेला तसं मिळतं. लखननं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. नको म्हणाला. उद्धवराव त्याला हाक मारत राहिले, तर तो फक्त मान हलवत राहिला.

पोलीस त्याला घेऊन व्हरांड्यातून निघाले. बाबांजवळ तो थांबला, वाकला, बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघांचं मिटलेलं होतं. मग तो माझ्यासमोर आला आणि थांबला. वाकला नाही. त्याला कळलं होतं की इथं अजून काही मिळालेलं नाही, आणि तो मागतही नव्हता, नुसता उभा होता. पोलीस म्हणाला, चला. माझ्या मनात त्याच्याविषयी अजूनही राग होता, मी तो चाचपून पाहिला, होता. पण आता तो एका काठीएवढा होता, आणि एवढ्याचं काहीतरी करता येईल असं मला वाटलं.

"म्या अजून माफ केलं नाही तुले," मी म्हणाले. "पुरी भोगून ये. मंग घरी ये."

"येतो, ताई," तो म्हणाला.